घरबसल्या एस्पेरांतो (चित्रांशिवाय सचित्र मार्गदर्शक)

सुरू करण्यापूर्वी

ज्यांना एस्पेरांतोतला एकही शब्द येत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शक आहे. खरे तर एक शब्द तुम्हाला येतोच. आपल्या 'मी'ला एस्पेरांतोतही 'मी'च म्हणतात. अर्थही तोच, उच्चारही तोच. अभ्यासक्रमाचा एवढा भाग पूर्ण झाला असे समजून पुढे सरकावे.

ही भाषा लुडविक झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने बनवली. त्याचा जन्म १८५९ सालचा, ब्यालिस्तोकचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सामध्ये त्याची पहिली पुस्तिका निघाली. तीत व्याकरणाचे सोळा नियम होते, नऊशेच्या आसपास धातूंची यादी होती, आणि शिवाय कापून भरून पाठवायची कुपने होती. एक कोटी लोकांनी असेच जाहीर वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन, असे वचन त्या कुपनावर सही करून द्यायचे होते. एक कोटी सह्या काही जमल्या नाहीत. त्यामुळे आपण कोणत्याही वचनात अडकलेलो नाही, आणि निर्धास्तपणे पहिला धडा उघडू शकतो.

धडा पहिला: तोंड

एस्पेरांतोची अक्षरे अठ्ठावीस. जे लिहिले तेच बोलायचे आणि प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार. स्वर फक्त पाच: आ, ए, ई, ओ, ऊ. ख, घ, ठ, ढ, ण, ळ यांना पूर्ण रजा. ट-ड म्हणावेसे वाटले तरी त-द म्हणावे.

रोमन लिपीतल्या सहा अक्षरांच्या डोक्यावर टोपी घातलेली असते. टोपी घातली की उच्चार बदलतो. साध्या 'सी'चा उच्चार एक आणि टोपीवाल्या 'सी'चा दुसरा, हे इंग्रज माणसाला घोकून पाठ करावे लागते. मराठी माणसाला ते बाळकडूतच मिळालेले असते, फक्त त्याला ठाऊक नसते. 'चार' हा शब्द म्हणा. आता 'चारा' म्हणा. दोन्ही च वेगळे आहेत. आपण लिहितो एकाच अक्षराने आणि बोलतो दोन तऱ्हांनी. 'चारा'मधला च म्हणजे एस्पेरांतोतला बोडका सी, 'चार'मधला च म्हणजे टोपीवाला.

हा फरक काटेकोर पाळावा. 'चारो' हा शब्द चाऱ्यातल्या चने म्हटला तर त्याचा अर्थ रशियाचा झार. चारातल्या चने म्हटला तर अर्थ होतो गाडी. झामेनहॉफची पुस्तिका झारच्या सेन्सॉरच्या हाताखालून गेली होती. त्या काळी ही टोपी विसरणे महागात पडले असते.

'जी' या अक्षराचेही तसेच. टोपी नसेल तर ग, असेल तर जेवणातला ज. आता पुढची जोडी पाहा. 'मांगो' म्हणजे आंबा. 'मान्जो' म्हणजे जेवण. लिहिताना दोघांत फरक एका टोपीचा. 'मी मान्जास मांगोन' म्हणजे 'मी आंबा खातो'. टोप्यांची अदलाबदल होऊन 'मी मांगास मान्जोन' झाले, तर अर्थ होतो 'मी जेवण आंबतो'. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही चूक नाही. ('मांगोन'च्या शेवटी न कुठून आला, असे विचारणाऱ्या चाणाक्ष वाचकाने तिसऱ्या धड्यापर्यंत धीर धरावा.)

या टोप्यांनी पूर्वी छापखान्यांना फार छळले, कारण असले खिळे त्यांच्याकडे नसत. आज कीबोर्ड छळतो. टोपी उमटत नसेल तर त्या अक्षरापुढे एक्स दाबण्याची पद्धत आहे. एस्पेरांतोच्या वर्णमालेत एक्स नाही, म्हणून त्याला या कामाला लावले आहे.

आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. 'फामिलीओ', म्हणजे कुटुंब, यात जोर 'ली'वर येतो. आपल्याकडे फॅमिली म्हणताना तो 'फॅ'वर जातो, म्हणून इथे जीभ हमखास घसरते. घसरली तर शब्द पुन्हा म्हणावा.

धडा दुसरा: शेपट्या

शब्द नाम आहे की विशेषण, हे ओळखायला एस्पेरांतोत त्याची शेपटी पाहतात. नाम असेल तर शेवटी ओ. विशेषण असेल तर आ. धातूपासून केलेले क्रियाविशेषण असेल तर ए. अपवाद विचारू नये, कारण अपवाद नाही. मालवणी आणि कोंकणी घरात 'आंबो', 'घोडो' ऐकत वाढलेल्या वाचकांना शेवटचा ओ परका वाटणार नाही. मात्र तिकडे तो पुल्लिंगी नामांनाच मिळतो, इकडे सगळ्यांना. नामांना लिंगच नाही. 'तो टेबल की ते टेबल' हा घरोघरी चालणारा वाद इथे उद्भवत नाही.

क्रियापदासाठी 'मान्ज' हा खाण्याचा धातू घेऊ. मान्जी म्हणजे खाणे. मान्जास म्हणजे खातो. आणि खाते. आणि खातोस, खातेस, खाता, खातो आहोत, खातात. मराठीत ज्या ठिकाणी खाणाऱ्याचे लिंग, वचन आणि त्याच्याशी असलेले आपले नाते तपासून मगच तोंड उघडता येते, तिथे एस्पेरांतो 'आस' लावून मोकळी होते. भूतकाळाला इस, भविष्याला ओस: मान्जिस, मान्जोस. आज्ञा किंवा आग्रह असेल तर ऊ. 'मान्जू, मान्जू!' असे दोनदा म्हटले की कोणत्याही देशातल्या पाहुण्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढता येते.

अनेकवचन करायला शेवटी य जोडावा. मांगो, मांगोय. विशेषणानेही नामाच्या मागोमाग तेच करायचे. गोड आंबा तो 'दोल्चा मांगो', गोड आंबे ते 'दोल्चाय मांगोय'. 'गोड' बदलत नाही, पण 'पिवळा आंबा, पिवळे आंबे' यात विशेषण बदलतेच. तेव्हा मराठी माणसाने इथे तक्रार करू नये. तक्रारीसाठी पुढचा धडा राखून ठेवला आहे.

धडा तिसरा: न

एस्पेरांतो शिकणारे बहुतेक जण इथपर्यंत हसत येतात. पुढे एक न उभा असतो.

नियम असा: क्रियापदाचे जे थेट कर्म असेल, त्याच्या शेवटी न लावावा. मांगो, मांगोन. मांगोय, मांगोय्न. विशेषणालाही लावावा. नियम संपला. आता त्रास सुरू.

त्रास असा की आपल्याकडे 'ला' नावाचा एक प्रत्यय आहे, आणि न म्हणजे ला, असे पहिल्या दिवशी प्रत्येक मराठी माणूस ठरवून टाकतो. 'मी मुलाला पाहतो' या वाक्यात ते जुळतेही, म्हणून फसगत पक्की होते. पण आपला ला माणूस पाहून लागतो. 'मी मुलाला पाहतो' पण 'मी आंबा खातो'. आंब्याला ला नाही. एस्पेरांतोचा न असा भेदभाव करत नाही. मूल असो, आंबा असो, खुर्ची असो, कर्म म्हटले की न.

एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू: 'शेजारणीने पाहुण्याला गोड आंबे दिले.'

पायरी पहिली. 'शेजारणीने'मधला ने काढून टाकावा. देणारी ती आहे, एवढे पुरे. शेजारी म्हणजे 'नायबारो'. स्त्री असेल तर मध्ये 'ईन' घालून 'नायबारीनो'. आपली शेजारीणही अशीच बनते, त्यामुळे हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाही. ती कोणती शेजारीण हे ठरलेले असेल तर पुढे 'ला' ठेवायचा: 'ला नायबारीनो'. सावधान. हा ला आपला नव्हे. हा शब्दाच्या आधी येतो आणि 'ठाऊक असलेली, ती' एवढेच सांगतो.

पायरी दुसरी. 'दिले'. मराठीत हे क्रियापद शेजारणीकडे न पाहता आंब्यांकडे पाहते: आंबे दिले, साखर दिली, नारळ दिला. एस्पेरांतोत ते कोणाकडेच पाहत नाही. देणे म्हणजे 'दोनी', दिले म्हणजे 'दोनिस'. साखर असो की नारळ, दोनिस.

पायरी तिसरी. 'पाहुण्याला'. इथे हात आपोआप न लावायला जातो. तो धरून ठेवावा. पाहुणा दिला गेलेला नाही, पाहुण्याकडे काहीतरी गेले आहे. यासाठी 'आल' हा शब्द आहे. पाहुणा म्हणजे 'गास्तो', म्हणून 'आल ला गास्तो'. म्हणजे आपला 'ला' तिकडे आल झाला आणि तिकडचा 'ला' मधे येऊन बसला. पहिला आठवडा कान गोंधळतात, मग सवय होते.

पायरी चौथी. 'गोड आंबे'. मराठीत या शब्दांवर एकही खूण नाही, आणि नेमका इथेच न हवा. दिले काय, तर आंबे. म्हणून 'दोल्चाय्न मांगोय्न'.

तयार वाक्य: ला नायबारीनो दोनिस दोल्चाय्न मांगोय्न आल ला गास्तो.

नवशिक्या मराठी माणूस हेच वाक्य 'ला नायबारीनो दोनिस दोल्चाय मांगोय आल ला गास्तोन' असे म्हणतो. सगळे शब्द बरोबर, न मात्र पाहुण्याच्या अंगावर. चूक पकडायची खूण सोपी आहे. नामाच्या आधी 'आल'सारखा संबंध दाखवणारा शब्द बसलेला असेल तर तिथे सहसा न लागत नाही. असा शब्द नसेल तर विचारावे, क्रिया करणारा हाच का? नसेल, तर न लावावा. दुसरी खूण 'आहे'ची. 'मी एस्तास स्तुदेन्तो', म्हणजे मी विद्यार्थी आहे. क्रियापदानंतर जे येईल त्याला न चिकटवत सुटलेले उत्साही लोक इथे 'स्तुदेन्तोन' म्हणतात. पण असण्याला कर्म नसते.

एवढ्या कटकटीचा मोबदला काय, तर शब्द कुठेही ठेवण्याची मोकळीक. 'ला कातो काप्तास ला मूसोन' म्हणजे मांजर उंदीर पकडते. 'ला मूसोन काप्तास ला कातो' म्हटले तरी उंदरानेच पळायचे असते. न हलवून 'ला कातोन काप्तास ला मूसो' केले, तरच मांजराची पंचाईत. तेव्हा वाक्यातला क्रम चुकला तर समोरचा माणूस फार तर भुवया उंचावेल, न चुकला तर मात्र जंगलाचा कायदा बदलतो.

न आणखी एक काम करतो, आणि हे काम मराठीला जमत नाही. 'मी बागेत पळतो' हे वाक्य घ्या. बागेतल्या बागेत पळतो, की बाहेरून पळत बागेत शिरतो? मराठीत ते संदर्भावर सोडलेले आहे. एस्पेरांतोत पहिल्या अर्थाला 'मी कूरास एन ला जार्देनो' आणि दुसऱ्या अर्थाला 'मी कूरास एन ला जार्देनोन'. 'एन' म्हणजे आत. त्याच्यामागे न नसला तर माणूस आतच आहे, न असला तर तो आत येतो आहे. वर 'सहसा' म्हटले होते ते यासाठी.

हा न तुम्हाला जड जात असेल तर तुमच्या बाजूने खुद्द झामेनहॉफ उभा आहे. १८९४ साली त्याने आपल्याच भाषेत सुधारणा सुचवल्या. न काढून टाका, टोप्या काढून टाका, विशेषणांची ओढाताण बंद करा. त्या वेळी 'ला एस्पेरान्तिस्तो' नावाचे मासिक निघत असे. त्याच्या वर्गणीदारांचे मत घेतले गेले, आणि बहुमताने ठरले की काहीही बदलायचे नाही. भाषा ज्याने केली त्याला ती सोपी करायची होती, आणि ज्यांनी घोकून घोकून न आत्मसात केला होता त्यांना आता तो दुसऱ्यांना फुकटात माफ होताना पाहवत नव्हते. पुढे १९०७ च्या सुमाराला काही मंडळी खरोखरच फुटली आणि त्यांनी 'इदो' नावाची वेगळी भाषा थाटली. तिथे टोप्या गेल्या, आणि कर्म कर्त्याच्या आधी आले तरच न लावायचा असे ठरले. एस्पेरांतोवाले जुन्या 'न'सकट आजही टिकून आहेत.

धडा चौथा: जोडकाम

नऊशे धातूंत जग कसे मावणार, हा प्रश्न झामेनहॉफने जोडाजोडीने सोडवला. 'माल' हा तुकडा आधी लावला की अर्थ उलटा होतो. बोना चांगला, मालबोना वाईट. साना निरोगी, मालसाना आजारी. आजारी माणूस म्हणजे 'मालसानूलो', कारण 'ऊल' म्हणजे तसा असलेला माणूस. आणि 'एय' म्हणजे ठिकाण, म्हणून आजारी माणसांचे ठिकाण 'मालसानूलेयो', अर्थात इस्पितळ. शब्द मागून पुढे सोडवत गेल्यास कोणत्याही कोशाशिवाय उलगडतो.

या यंत्राचे काही स्वभावविशेष लक्षात ठेवावेत. डाव्या बाजूला वेगळा शब्द नाही, ती 'उजव्याच्या उलट'. दार उघडणे म्हणजे 'बंद करण्याच्या उलट'. स्वस्त म्हणजे 'माल्मुल्तेकोस्ता', फार किमतीचे नसलेले. भाजीवाल्याशी घासाघीस करायला हा शब्द लांब पडतो, पण तो उच्चारून होईपर्यंत विचार करायला सवड मिळते.

नात्यांत हे यंत्र विशेष रंगते. बाप 'पात्रो', म्हणून आई 'पात्रीनो'. म्हणजे शेजाऱ्याची शेजारीण तशी बापाची बापीण. घरोघरच्या आयांनी यावर नापसंती व्यक्त केली तर ती रास्त आहे, आणि एस्पेरांतोवाल्यांतही यावर वाद चालू आहेच. लग्नातून आलेल्या नात्याला आधी 'बो' लावतात. सासरा 'बोपात्रो', सासू 'बोपात्रीनो'. झामेनहॉफला या 'बो'चे महत्त्व नीट कळलेले असणार. पहिल्या पुस्तिकेच्या छपाईचा खर्च त्याच्या होणाऱ्या सासऱ्याने केला, आणि पुस्तिका निघाल्यावर दोनच आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, क्लाराशी त्याचे लग्न झाले.

जोडकामाची मर्यादाही इथेच सांगितलेली बरी. तुकडे बरोबर जोडले म्हणून अर्थ तुमच्या मनातलाच होईल असे नाही. प्रार्थना करणे 'प्रेजी', ठिकाण 'एय', तेव्हा 'प्रेजेयो' म्हणजे कोणतेही प्रार्थनास्थळ असे आपण धरून चालतो. पण वहिवाटीत प्रेजेयो म्हणजे चर्च. परगावच्या एस्पेरांतोवाल्याला विठ्ठलाचे प्रेजेयो कुठे म्हणून विचारलेत तर तो चर्चमध्ये विठ्ठल शोधेल. देवळाला 'तेम्प्लो' म्हणावे, मशिदीला 'मोस्केओ'. सोळा नियम युरोपातल्या माणसाने लिहिले, युरोपातल्या धातूंवर लिहिले, आणि ते असे मधूनच दिसते. म्हणून शब्द घरी बनवावा, पण बाहेर नेण्यापूर्वी तो कोशात पाहून घ्यावा.

स्वाध्याय आणि बाहेर पडण्याचा मार्ग

पुढील वाक्य एस्पेरांतोत करा: 'पाहुण्याने शेजारणीला गोड आंबा दिला.' उत्तर: ला गास्तो दोनिस दोल्चान मांगोन आल ला नायबारीनो. तुमचा न शेजारणीवर पडला असेल तर तिसरा धडा पुन्हा वाचावा.

सरावाला दुसरे एस्पेरांतोवाले भेटले तर त्यांच्यादेखत आपसात मराठी बोलू नये. अशा बोलण्याला त्यांच्यात 'क्रोकोदीली' म्हणतात, म्हणजे मगरपणा करणे. वर्षानुवर्षे पहिल्या धड्याच्या पुढे न सरकणाऱ्यालाही त्यांनी नाव ठेवले आहे: 'एतेर्ना कोमेन्चान्तो', नित्याचा नवशिका. (यातला च चाऱ्यातला.)

आणि सगळे सोडून द्यावेसे वाटले तर त्याचीही सोय आहे. काझिमिएर्झ बेइन हा वॉर्सातला माणूस, योगायोगाने तोही डोळ्यांचा डॉक्टर. के आणि बी या आद्याक्षरांवरून 'काबे' या नावाने तो लिही. एस्पेरांतोतला नावाजलेला अनुवादक, त्यांच्या अकादमीचा उपाध्यक्ष. १९११ साली तो एकाएकी चळवळ सोडून गेला. एस्पेरांतोवाल्यांनी शोक केला आणि लगेच त्याच्या नावाचे क्रियापद केले. 'काबेई' म्हणजे तावातावाने भाषा शिकून एके दिवशी तिच्याकडे पाठ फिरवणे. सोडून गेला तो 'काबेइस', सोडून जाईल तो 'काबेओस'. माणूस भाषेतून जातो, पण जाताना काळ बरोबर लावूनच जातो.

निरोप घ्यायचा झाल्यास वाक्य असे करावे: 'मी काबेइस.' याला कर्म नाही, त्यामुळे न कुठे लावायचा हा प्रश्नच येत नाही.